वजाबाकीचे व्याकरण

८ - ३ - २ याचे उत्तर किती? तुम्ही चटकन ३ म्हणाल आणि ते बरोबरच आहे. पण तुमच्या धाकट्या भावाने उजवीकडून सुरुवात केली, ३ मधून २ वजा करून १ आणला आणि तो ८ मधून वजा करून ७ असे उत्तर सांगितले, तर त्याचे नेमके काय चुकले? त्याची एकही वजाबाकी चुकलेली नाही. चुकला आहे तो त्याने मनातल्या मनात घातलेला कंस. आपण (८ - ३) - २ असे वाचतो, त्याने ८ - (३ - २) असे वाचले. म्हणजे हा प्रश्न गणिताचा कमी आणि व्याकरणाचा जास्त आहे.

मराठीच्या तासाला तुम्ही वाक्यपृथक्करण करता. वाक्यातला कर्ता कोणता, क्रियापद कोणते, कोणता शब्द कोणाशी जोडलेला आहे हे वेगळे करून दाखवता. संगणकालाही अगदी हेच करावे लागते. त्याच्यापुढे येते ती नुसती चिन्हांची रांग : आधी ८, मग वजाचे चिन्ह, मग ३, आणि असेच पुढे. यातले काय कशाशी जोडायचे हे त्याला नियमांनी सांगावे लागते. अशा नियमांच्या संचालाच संगणकशास्त्रात व्याकरण म्हणतात.

हे नियम लिहिण्याची एक सुटसुटीत रीत आहे. जॉन बॅकस यांनी ती मांडली आणि पीटर नॉर यांनी १९६० साली ‘अल्गोल ६०’ या संगणकभाषेच्या अहवालात ती वापरली. (संस्कृत व्याकरणकार पाणिनी यांनीही नियम मांडायला अशाच प्रकारची पद्धत वापरली होती, तेव्हा या रीतीला पाणिनींचेही नाव द्यावे, अशी सूचना पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ साली एका पत्रात केली होती.) या रीतीने आपल्या वजाबाकीचा नियम असा लिहिता येईल :

```
राशी → राशी - पद
राशी → पद
पद   → अंक
```

बाणाचा अर्थ ‘असे लिहिता येते’. पहिल्या ओळीचा अर्थ असा : एक राशी घ्या, तिच्यापुढे वजाचे चिन्ह आणि एक पद लिहा, की झाली नवी राशी. दुसरी ओळ सांगते की नुसते एखादे पदही राशीच असते. आता ८ ही राशी, म्हणून ८ - ३ ही राशी, आणि म्हणून ८ - ३ - २ हीसुद्धा राशी. यात शेवटचे २ हे पद आहे आणि त्याच्या डावीकडचे सगळे, म्हणजे ८ - ३, ही एकच राशी आहे. डावीकडून वजा करत जायचे ही शाळेतली रूढी या नियमात आपोआप आली. कागदावर हा नियम निर्दोष आहे. अल्गोल ६०च्या अहवालातही राशीचा नियम असाच, स्वतःपासून सुरू होणारा होता.

आता हा नियम यंत्राच्या हाती देऊ. पृथक्करणाची एक सोपी पद्धत ‘वरून खाली’ अशी आहे. प्रत्येक नियमासाठी एक कारकून बसवला आहे अशी कल्पना करा. राशी नावाचा कारकून राशी ओळखतो, पद नावाचा कारकून पद ओळखतो. चिन्हांची पट्टी या टेबलावरून त्या टेबलावर फिरते. पुढचे चिन्ह कोणते हे कारकुनाला पाहता येते, पण फक्त एकच चिन्ह. आपले चिन्ह ओळखले की तो ते खोडतो आणि पट्टी पुढे सरकते.

राशी कारकुनापुढे ८ - ३ - २ ही पट्टी आली. तो आपला नियम उघडतो : ‘राशी, मग वजाचे चिन्ह, मग पद’. तेव्हा आधी राशी शोधायला हवी. ते काम कोणाचे? राशी कारकुनाचे, म्हणजे त्याचेच. तो पट्टी स्वतःलाच देतो आणि पुन्हा पहिल्यापासून नियम वाचू लागतो : ‘राशी, मग वजाचे चिन्ह…’ तेव्हा आधी राशी शोधायला हवी! संध्याकाळ झाली तरी पट्टीवरचा ८ जागच्या जागीच राहणार.

खऱ्या संगणकात हे असे दिसते. वरचा नियम पायथॉन भाषेत जसाच्या तसा उतरवला तर :

```
def rashi():
    rashi()
    accept('-')
    pad()
```

हे चालवले की थोड्याच वेळात पडद्यावर `RecursionError: maximum recursion depth exceeded` असा संदेश येतो. अर्धवट राहिलेले प्रत्येक काम संगणक स्मृतीत एकावर एक रचून ठेवतो. पायथॉनने ही चवड साधारण हजार थरांवर थांबवायची मर्यादा आधीच घालून ठेवली आहे. जिथे अशी मर्यादा नसते तिथे चवड तिला नेमून दिलेल्या जागेबाहेर जाते आणि कार्यक्रम एकदम कोसळतो. यातली एक खूण लक्षात ठेवा : कोणतीही राशी दिली, अगदी नुसता ५ दिला, तरी पहिले चिन्ह खोडले जाण्यापूर्वीच हा बिघाड होतो.

या दोषाला ‘लेफ्ट रिकर्शन’ म्हणतात. आपण त्याला डावी पुनरुक्ती म्हणू. नियमाच्या उजव्या बाजूला सगळ्यात डावीकडे नियमाचे स्वतःचेच नाव येणे, ही ती पुनरुक्ती.

इथे एक गैरसमज होऊ शकतो, म्हणून थोडे थांबू. नियमाने स्वतःचे नाव घेणे हा दोष नव्हे. कंसांसाठी आपल्याला पुढचा नियम लागणारच आहे :

```
पद → ( राशी )
```

राशीत पद येते आणि पदात पुन्हा राशी येते. म्हणजे इथेही नियम फिरून स्वतःकडे येतात. पण इथे काही बिघडत नाही, कारण पुन्हा राशी कारकुनाकडे जाण्यापूर्वी एक डावा कंस खोडला गेलेला असतो. पट्टी एका चिन्हाने तरी आखूड झालेली असते आणि पट्टीवरची चिन्हे मोजकीच असतात, म्हणून हे फिरणे कधीतरी थांबतेच. तेव्हा स्वतःकडे परत येण्यापूर्वी निदान एक चिन्ह खोडले गेले का, एवढेच पाहायचे. खोडले गेले तर भिण्याचे कारण नाही.

मग उपाय काय? बहुतेकांना पहिल्यांदा सुचते ते म्हणजे नियम उलटा करणे :

```
राशी → पद - राशी
राशी → पद
```

आता डावीकडे पद आहे, ते आधी खोडले जाईल, तेव्हा चक्र सुटले. सुटले खरे, पण आता ८ - ३ - २ मध्ये ८ हे पद झाले आणि ३ - २ ही राशी झाली. उत्तर ७! तुमचा धाकटा भाऊ यंत्रात शिरला म्हणायचा. आणि हा बिघाड पहिल्यापेक्षा अधिक लबाड आहे, कारण यंत्र कोसळत नाही, मुकाट्याने चुकीचे उत्तर देते. दिशा बदलली तरी अर्थ बदलत नाही असे धरून चालण्याची आम्हां पदार्थविज्ञानवाल्यांना सवय असते. बेरजेत ते खपते. ८ + ३ + २ कोणत्याही बाजूने १३च. म्हणून असे यंत्र तपासताना बेरजेची उदाहरणे देऊन समाधान मानू नका. दोन वजाबाक्या ओळीने द्या, की लगेच पितळ उघडे पडते. ८ - ३ मध्येही ते उघडे पडणार नाही. वजाची दोन चिन्हे तरी हवीतच.

खरा उपाय शोधायचा तर आपल्या मूळ नियमातून प्रत्यक्षात कोणत्या रांगा तयार होतात ते पाहावे. सगळ्यात लहान राशी म्हणजे एक पद. त्यानंतर पद - पद, मग पद - पद - पद, आणि असेच पुढे. प्रत्येक रांग पदानेच सुरू होते आणि तिच्यामागे ‘- पद’ हा तुकडा शून्य किंवा अधिक वेळा येतो. म्हणजे एक डोके आणि मागे हवे तेवढे लांब शेपूट. तसेच लिहू :

```
राशी  → पद शेपूट
शेपूट → - पद शेपूट
शेपूट → रिक्त
```

‘रिक्त’ म्हणजे काहीच नाही. शेपूट तिथे संपले. शेपटाच्या नियमातही शेपूट पुन्हा येते, पण ते सगळ्यात उजवीकडे आहे आणि त्याच्याआधी वजाचे चिन्ह खोडले जाते. आता कारकुनांचे काम कसे चालते ते पायरीपायरीने पाहा :

```
राशी
पद शेपूट
८ शेपूट
८ - पद शेपूट
८ - ३ शेपूट
८ - ३ - पद शेपूट
८ - ३ - २ शेपूट
८ - ३ - २
```

शेपूट कारकुनाला कुठेही अडायला होत नाही. पुढचे चिन्ह वजाचे असेल तर पहिला नियम, नसेल तर रिक्त. एक चिन्ह पाहणे पुरते.

हीच युक्ती कोणत्याही डाव्या पुनरुक्तीला लागू पडते. अ → अ क आणि अ → ख असे दोन नियम असतील, तर ख हे डोके आणि क हा शेपटाचा तुकडा. मग अ → ख शे, शे → क शे, आणि शे → रिक्त असे लिहायचे. अट एकच, ती म्हणजे ख स्वतः अ पासून सुरू होता कामा नये. बेरीजही हवी असेल तर शेपटाला ‘+ पद शेपूट’ असा आणखी एक पर्याय द्यावा.

पण उत्तराचे काय? नीट पाहिले तर नव्या व्याकरणात ३ आणि २ दोन्ही शेपटात गेले आहेत. शेपटाची किंमत आधी स्वतंत्रपणे काढली तर पुन्हा ७ची भीती आहे. व्याकरण बदलताना चिन्हांच्या रांगा त्याच राहिल्या, पण डावीकडचे गठ्ठे मोडले. ते परत आणायची जबाबदारी आपली. त्यासाठी शेपूट कारकुनाकडे पट्टीबरोबर आतापर्यंतची बाकीही पाठवायची. पद कारकून ८ देतो आणि शेपटाकडे ८ जातात. तो ३ वाचतो, हातातल्या ८ मधून लगेच वजा करतो आणि पुढच्या शेपटाकडे ५ पाठवतो. तिथे २ वजा होऊन ३ उरतात. शेवटचे शेपूट रिक्त आहे, ते हातातले ३ तसेच परत देते. किराणा दुकानदार एकेक आकडा वाचत हिशेब पुढे नेतो, तसेच हे झाले.

शेपूट स्वतःला शेवटी बोलावते याचा अर्थ तेच काम पुन्हा करणे, म्हणून कार्यक्रम लिहिताना शेपटाऐवजी सरळ एक फेरा घालता येतो :

```
def rashi():
    total = pad()
    while peek() == '-':
        accept('-')
        total = total - pad()
    return total
```

इथे `peek` पुढचे चिन्ह नुसते पाहते आणि `accept` ते खोडते. ओळी सहाच आहेत, पण डावी पुनरुक्ती जाऊन डावीकडून वजाबाकी मात्र राहिली आहे.

कधी कधी ही पुनरुक्ती आडून येते. समजा कोणी असे नियम लिहिले :

```
राशी → फरक
राशी → पद
फरक  → राशी - पद
```

एकही नियम स्वतःच्या नावाने सुरू होत नाही. पण राशी कारकून पट्टी फरककडे देतो, फरक ती राशीकडे परत करतो आणि दोघेही एक चिन्ह न खोडता एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. अशा कचेऱ्या तुमच्या वडिलांनी पाहिल्या असतील! इथे फरकच्या जागी त्याची उजवी बाजू ठेवावी. मग राशी → राशी - पद असा उघड नियम मिळतो आणि त्यावरचा उपाय आपल्याला माहीत आहेच.

आता दुसरी अडचण. मघाचा उलटा नियम आठवा : राशी → पद - राशी, किंवा राशी → पद. उत्तराचा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्यात आणखी एक दोष आहे. दोन्ही पर्याय पदानेच सुरू होतात. कारकुनाला पुढे ८ दिसला, तर त्याने कोणता पर्याय घ्यावा? वजाचे चिन्ह आहे की नाही हे पद संपल्यावरच कळणार. आणखी दोनचार चिन्हे पुढची पाहू दिली तरी भागत नाही, कारण पद म्हणजे कंसातली कितीही लांब राशी असू शकते.

याचे औषध तुम्ही बीजगणितात शिकलेले आहात. कख + कग यात क सामाईक आहे, म्हणून आपण तो बाहेर काढतो आणि क(ख + ग) असे लिहितो. इथेही डावीकडचा सामाईक भाग बाहेर काढायचा. याला ‘लेफ्ट फॅक्टरिंग’ म्हणतात; आपण डावा सामाईक काढणे म्हणू. फलने वापरता येतील अशा भाषेत हे हमखास लागते. पद म्हणजे एखादे नाव असू शकते, किंवा नाव आणि मागे कंसात राशी असू शकते :

```
पद → नाव
पद → नाव ( राशी )
```

दोन्हींत नाव सामाईक आहे, ते बाहेर काढू :

```
पद  → नाव जोड
जोड → ( राशी )
जोड → रिक्त
```

निवड टळलेली नाही, ती फक्त पुढे ढकलली आहे. आधी नाव खोडून घ्यायचे आणि मग पुढे डावा कंस आहे का ते पाहून ठरवायचे. निर्णयाला लागणारी माहिती हाती येईपर्यंत निर्णय घ्यायचाच नाही, एवढीच ही युक्ती आहे.

मात्र ‘कंस नसेल तर रिक्त’ हा निर्णय बिनचूक ठरण्यासाठी एक अट पाळली जायला हवी. पद पूर्ण झाल्यावर त्याच्या लगेच पुढे दुसऱ्या कोणत्याही कारणाने डावा कंस येऊ शकता कामा नये. आपल्या शाळेतल्या बीजगणितात ही अट मोडते. क(ख + ग) म्हणजे क गुणिले कंस, की क या फलनाची किंमत? आपण मागचापुढचा संदर्भ पाहून ठरवतो. पण दोन्ही वाचने चालवून घेणारे व्याकरण लिहिले, तर एकाच रांगेचे दोन अर्थ होतात, आणि दोन अर्थांचे व्याकरण डावा सामाईक काढून एका अर्थाचे होत नाही. हा दोष लिहिण्याच्या ढबीतला नाही, भाषेतलाच आहे. बहुतेक संगणकभाषांमध्ये गुणाकाराचे चिन्ह गाळता येत नाही. पायथॉनमध्ये `2(3+4)` असे लिहून पाहा. यंत्र गुणाकार करत नाही. `'int' object is not callable` अशी तक्रार करते, कारण त्याने कंस पाहून २ला फलन समजून घेतलेले असते.

ही सगळी खटपट ‘वरून खाली’ वाचणाऱ्यांसाठी आहे. ‘खालून वर’ अशीही एक पद्धत आहे. तिच्यात आधी चिन्हे गोळा करतात आणि मग त्यांचा नियम कोणता ते ओळखतात. तिला डावी पुनरुक्ती मुळीच खुपत नाही. खुद्द पायथॉन सुरुवातीपासून वरून खाली, एक चिन्ह पुढे पाहून वाचत असे, आणि त्याचे व्याकरण त्या बेताने लिहावे लागे. २०२० साली आलेल्या ३.९ या आवृत्तीत त्याचा वाचक बदलला. आधी काढलेली उत्तरे टिपून ठेवण्याच्या युक्तीमुळे तो डाव्या पुनरुक्तीचे नियमही वाचू शकतो. पण हाताने वाचक लिहायचा असेल, तर शेपूट आणि फेरा हाच मार्ग अजूनही सर्वांत सरळ आहे.

आता एक उदाहरण तुम्ही करून पाहा. घातांकासाठी ^ हे चिन्ह घ्या. घातांकांच्या मनोऱ्यात रूढी उलटी आहे : २ ^ ३ ^ २ म्हणजे २ ^ (३ ^ २). तेव्हा नियम असे होतील :

```
घात → पद ^ घात
घात → पद
```

इथे डावी पुनरुक्ती आहे का? डावा सामाईक आहे का? व्याकरण दुरुस्त करा आणि शेपटाकडे आतापर्यंतचे उत्तर पाठवायचे की नाही ते ठरवा. उत्तर ५१२ आले तर बरोबर. ६४ आले, तर तुम्ही वजाबाकीचा फेरा इथे जसाच्या तसा उतरवला आहे.